बिल एन्ट्री यंत्राकडे गेली, मग अकाउंट्सवाल्याकडे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, ऐरोली या पट्ट्यात अकाउंट्स आणि एमआयएसचं काम करणाऱ्यांकडून ऑटोमेशनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्याच कारकुनी कामांबद्दल बोलायला गेलं तर हाती काही लागत नाही, म्हणून बरीचशी उत्तरं एकाच कामाभोवती आहेत: खरेदीचं बिल ऑफिसात येतं तिथपासून त्यावरचं जीएसटीचं क्रेडिट घेतलं जातं तिथपर्यंत. हे काम लहान-मोठ्या जवळपास प्रत्येक ऑफिसात असतं, आणि त्यातलं काय गेलं, काय राहिलं, हे बोट ठेवून दाखवता येतं.

१. मी दिवसभर टॅलीत खरेदीची बिलं मारतो. हे काम जाणार का?

बहुतेक जाणार. बऱ्याच ठिकाणी गेलंही आहे. त्याला दोन कारणं आहेत, आणि त्यातलं मोठं कारण एआय नाही.

मोठं कारण ई-इन्व्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना सक्तीचं झालं. मग ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. अशा पुरवठादाराचं बिल तुमच्या टेबलावर येण्याआधीच सरकारी पोर्टलवर नोंदलेलं असतं. त्याला ६४ अक्षरांचा आयआरएन हा नोंदणी क्रमांक मिळालेला असतो आणि बिलावर क्यूआर कोड छापलेला असतो. जो मजकूर आकड्यांच्या रूपात आधीच तयार आहे, तो कागदावरून वाचून पुन्हा टाइप करायला माणूस कशाला हवा, असा प्रश्न मालकाला पडतोच.

दुसरं कारण म्हणजे पीडीएफ किंवा फोटोवरून बिल वाचणारी सॉफ्टवेअरं. छोट्या पुरवठादारांची बिलं त्यांच्यामुळे आत येतात. ती चुकतात, पण कंटाळलेला माणूस संध्याकाळी सहा वाजता चुकतो त्यापेक्षा फार जास्त नाही. चुकीचा प्रकार मात्र वेगळा असतो (प्रश्न ४ पाहा).

२. एन्ट्री गेली की उरतं काय? मोघम नको, नेमकं सांगा.

एका बिलाचा प्रवास बघा. बिल येतं. ते पर्चेस ऑर्डरशी लावायचं, म्हणजे भाव ठरला होता तोच लावलाय का ते पाहायचं. मग जीआरएनशी लावायचं, म्हणजे स्टोअरमध्ये माल तेवढाच उतरला का ते पाहायचं. लेजर ठरवायचं. करावर क्रेडिट मिळतं की नाही ते ठरवायचं. जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी या यादीशी ताळमेळ घालायचा. आणि शेवटी पेमेंट.

यातलं टाइप करणं आणि सरळ जुळणारं जुळवणं यंत्र करतं. जे जुळत नाही ते ‘एक्सेप्शन’ म्हणून एका यादीत येऊन पडतं, आणि ती यादी म्हणजे तुमचं काम. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. यादीतली ओळ सोडवणं म्हणजे आकडा दुरुस्त करणं नव्हे. न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या बाहेर असतं: गेटवर, स्टोअरमध्ये, पुरवठादाराच्या ऑफिसात, किंवा खरेदीवाल्याने फोनवर केलेल्या एखाद्या तोंडी कबुलीत. यंत्र फरक किती ते सांगतं. तो का पडला हे शोधायला उठून जावं लागतं.

३. एखादं उदाहरण आकड्यांसकट सोडवून दाखवाल का?

दाखवतो. समजा, वागळे इस्टेटमध्ये पॅकेजिंगचा एक कारखाना आहे. महिन्याच्या शेवटी वहीत इनपुट टॅक्स क्रेडिट दिसतं ६,४८,००० रुपये. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे सगळे ज्याला टू-बी म्हणतात ते, तयार होतं. त्यात आहे ६,२१,०००. फरक २७,०००. सॉफ्टवेअरने शेकडो बिलं आपोआप जुळवली आणि चार ओळी बाजूला काढल्या.

पहिली ओळ: एक लाखाचं बिल, कर १८,०००. वहीत आहे, टू-बीत नाही. पुरवठादाराला फोन केल्यावर कळतं की तो तिमाही रिटर्न भरणाऱ्यांपैकी आहे. अशांना तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत बिलं अपलोड करायची ऐच्छिक सोय असते. त्याने ती वापरली नाही. बिल खरं, माल आलेला, पण १ जानेवारी २०२२ पासूनच्या तरतुदीप्रमाणे पुरवठादाराने दाखवल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. ही ओळ थांबवायची आणि पुढच्या महिन्यांच्या यादीत न्यायची.

दुसरी ओळ: ८०,००० चं बिल, कर १४,४००. हेही वहीत आहे आणि टू-बीत नाही. नीट पाहिलं तर हेच बिल वहीत दोनदा आहे, एकदा ‘टीएस/०४१७’ म्हणून आणि एकदा नुसतं ‘४१७’ म्हणून. एक मेलवर आलेली पीडीएफ, दुसरी ड्रायव्हरने आणलेली प्रत. दोन वेगवेगळे क्रमांक, म्हणून सॉफ्टवेअरला दोन बिलं वाटली. नोंद रद्द करायची. त्याचबरोबर पेमेंटही दोनदा गेलं नाही ना, हे तेव्हाच पाहायचं. इथे खरी जोखीम कराची नाही, पेमेंटची आहे.

तिसरी ओळ: पुरवठादाराने भावातल्या फरकाची १०,००० ची क्रेडिट नोट काढली, कर १,८००. टू-बीत ती वजा झाली आहे, आपल्या वहीत नाही. खरेदीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "हो, बोलणं झालं होतं." अकाउंट्सला सांगायचं राहिलं. नोंद घालायची.

चौथी ओळ उलटी आहे: टू-बीत ४०,००० चं बिल, कर ७,२००, वहीत नाही. सॉफ्टवेअर सुचवतं, ‘बिल नोंदवायचं राहिलं आहे, नोंदवा’. इथेच बरेच जण फसतात, कारण फुकटात ७,२०० चं क्रेडिट मिळतंय असं वाटतं. पण गेट रजिस्टरमध्ये गाडीची नोंद नाही, जीआरएन नाही, पर्चेस ऑर्डर नाही. पुरवठादाराने दुसऱ्याच ग्राहकाच्या बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकला आहे. इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आयएमएस, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. त्यात असं बिल नाकारता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं, हे लक्षात ठेवा.

आता पडताळा. वहीचे ६,४८,००० वजा १८,०००, वजा १४,४००, वजा १,८००, म्हणजे ६,१३,८००. टू-बीचे ६,२१,००० वजा ७,२००, म्हणजे ६,१३,८००. दोन्ही बाजूंनी एकच आकडा आला, म्हणून २० तारखेच्या आत ३बी या महिन्याच्या रिटर्नमध्ये तो जातो. या चार ओळींसाठी लागलं काय? दोन फोन, गेट रजिस्टर, खरेदी विभागात एक चक्कर, आणि क्रेडिट कधी मिळतं याची माहिती. टायपिंग जवळपास शून्य.

४. सॉफ्टवेअरने सगळीकडे हिरवी टिक दाखवली. तरी तपासायचं का? आणि काय?

तपासायचं, पण सगळं नाही. माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात. यंत्राची चूक एकाच जातीची असते आणि ठरावीक जागी पुन्हा पुन्हा होते. जागा माहीत असल्या की तपासणी अर्ध्या तासात होते.

पहिली जागा म्हणजे दर महिन्याला तीच रक्कम असलेली बिलं: भाडं, सिक्युरिटी एजन्सी, लिफ्टचं मेंटेनन्स. पार्टी तीच, रक्कम तीच, म्हणून एप्रिलचं बिल मेच्या ओळीशी जुळतं आणि टिक येते. एक महिना निसटलेला असतो तो वर्षअखेरीस सापडतो. अशा पार्ट्यांची वेगळी यादी ठेवून वर्षाला बारा बिलं आली का, एवढं मोजा.

दुसरी जागा म्हणजे सूट. बहुतेक सॉफ्टवेअरांत काही रुपयांचा फरक चालवून घ्यायची सेटिंग असते. राउंड-ऑफसाठी ती हवीच. पण कोणीतरी यादी छोटी दिसावी म्हणून ती १० ची ५०० करून ठेवतो, आणि मग खरे फरक कधी वर येतच नाहीत. महिन्यातून एकदा ती सेटिंग उघडून पाहा. यादी अचानक फार छान दिसू लागली की आधी तिथेच जा.

तिसरी जागा म्हणजे तारीख. ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च? मार्चअखेरीस यामुळे बिल चुकीच्या आर्थिक वर्षात जातं. जीएसटी क्रमांकाची तेवढी काळजी नको, कारण त्याच्या १५ अक्षरांतलं शेवटचं अक्षर तपासणीसाठीच असतं आणि चुकीचा वाचलेला क्रमांक बहुधा तिथेच पकडला जातो. बिलाच्या रकमेला असं कवच नसतं. म्हणून करपात्र रक्कम गुणिले दर बरोबर कर, हे गणित प्रत्येक ओळीवर सॉफ्टवेअरकडूनच करून घ्या.

५. एक्सेल शिकायला आता अर्थ आहे का?

आहे, पण सूत्रं पाठ करण्यासाठी नाही. दोन याद्या जुळवताना ‘एक’ बिल कशाला म्हणायचं, ही ओळख कशावर ठरवायची, ते समजण्यासाठी. प्रश्न ३ मधली दुसरी ओळ आठवा. बिल क्रमांकातल्या रेघा आणि मोकळ्या जागा काढून टाकल्या तर बरीच खोटी तफावत जाते:

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"/",""),"-",""))
```

पण ‘४१७’ आणि ‘टीएस०४१७’ यानेही जुळत नाहीत. आणि क्रमांक फक्त एका आर्थिक वर्षापुरताच वेगळा असतो, म्हणून जुळवणी जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष या तिन्हींवर करावी लागते. हे ज्याला कळलं त्याला उद्या एक्सेल जाऊन दुसरं काही आलं तरी अडत नाही. सूत्र लिहून द्यायला आता साधनं आहेत. ते कुठे फसेल हे विचारायला माणूस लागतो.

६. मी एन्ट्री करत नाही, महिन्याचा एमआयएस आणि विश्लेषण करते. मला काय धोका?

तक्ते, आलेख आणि त्याखालच्या चार वाक्यांना धोका आहे. ती वाक्यं आता सॉफ्टवेअर लिहितं, आणि अगदी ठामपणे लिहितं. समजा मार्चची विक्री १ कोटी आणि एप्रिलची ८८ लाख. सॉफ्टवेअर लिहील, ‘मागणी घटल्याने विक्रीत १२ टक्के घट’. वाचायला पटतं. पण ३१ मार्चला टार्गेट पुरं करायला ६ लाखांची बिलं फाडली होती आणि माल गेटबाहेर पडला २ एप्रिलला. ते ६ लाख जिथले तिथे ठेवले की मार्च ९४ आणि एप्रिलही ९४. घट झालीच नव्हती.

हे ओळखायचं कसं? महिन्याचे शेवटचे तीन दिवस आणि पुढचे पहिले तीन दिवस, एवढीच बिलं काढा. त्यांच्या समोर गेटपास, ट्रान्सपोर्टरची एलआर पावती आणि ई-वे बिलातली गाडीची नोंद ठेवा. बिलाची तारीख आणि गाडी सुटल्याची तारीख यांत फरक दिसला की समजायचं. सॉफ्टवेअरला दिलेल्या तक्त्यात गेटपास नव्हता, म्हणून त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. आकडा कुठून येतो, कोणाला तो तसा दिसलेला हवा आहे, आणि ‘विक्री’ म्हणजे बिल की डिस्पॅच, हे विचारणारी विश्लेषक टिकेल. नुसता पिव्होट फिरवणारीचं अवघड आहे.

७. वीस वर्षांनी काय उपयोगी पडेल हे आज कोण सांगणार?

पुढचं कोणी सांगू नये. पण मागचं बघता येतं. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला. त्या वर्षी ठाण्यात अकाउंट्सला लागलेल्या माणसाचं पुढे काय काय बदललं ते मोजा. १ जुलै २०१७ ला व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स जाऊन जीएसटी आला. परराज्यातल्या पार्टीकडून सी-फॉर्म मिळवण्यासाठी महिनोन् महिने पाठपुरावा करणं ही तेव्हा एक कसबाची गोष्ट होती. ते कसब जवळपास निरुपयोगी झालं. फॉर्मचे क्रमांक, रिटर्नच्या तारखा, सॉफ्टवेअरचे शॉर्टकट, सगळं दोनदा तरी नव्याने शिकावं लागलं.

आणि काय राहिलं? डेबिट-क्रेडिट. बँकेचा ताळमेळ. ऑर्डर, माल आणि बिल हे तिन्ही लावून पाहणं. येणी किती दिवसांची झाली ते पाहणं. दोन स्वतंत्र ठिकाणांहून आलेले आकडे एकमेकांशी भिडवणं. यातलं एकही २००५ चं नाही, त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. माझं मत असं की वीस वर्षं पुरणारी गोष्ट ओळखायची खूण हीच: ती कायद्याच्या किंवा सॉफ्टवेअरच्या नावाशिवाय सांगता येते का? ‘आयएमएस येतं’ हे काही वर्षांचं ज्ञान आहे. ‘माल आल्याचा पुरावा बिलाहून वेगळ्या माणसाकडून यायला हवा’ हे टिकणारं आहे. पहिलं शिकावंच लागतं, त्याशिवाय नोकरी मिळत नाही. पण क्लासची फी भरताना दोन्हींत गल्लत करू नका.

८. एन्ट्रीच नसेल तर नवीन मुलं शिकणार कुठे?

या यादीतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. हजारो बिलं मारताना माणूस नकळत शिकत असे: कोणता पुरवठादार काय पाठवतो, कोणत्या बिलावर फ्रेट असतं, कोणता भाव नेहमीपेक्षा जास्त वाटतो. प्रश्न ३ मधल्या चौथ्या ओळीतलं बिल आपलं नाही हा वास त्यातूनच येतो. आता नव्या मुलाला पहिल्याच दिवशी एक्सेप्शनची यादी मिळते आणि त्याने एकही सरळ बिल कधी हाताळलेलं नसतं. मग तो सॉफ्टवेअरने सुचवलेलं बटण दाबतो. त्याला दुसरं करता काय येणार?

मला सुचणारा उपाय जुनाच आहे. पहिले तीन महिने नव्या माणसाकडून रोज दहा-पंधरा बिलं हाताने, कागदावर, जर्नल एन्ट्रीसह सोडवून घ्यायची आणि मग सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडायची. आठवड्यातला अर्धा दिवस स्टोअरमध्ये आणि गेटवर उभं करायचं. मालकाला हा वेळ वाया गेलासा वाटतो. तुम्ही स्वतः नवीन असाल आणि कोणी असं शिकवत नसेल, तर एका पार्टीचं पूर्ण वर्षाचं लेजर घ्या आणि पहिल्या ऑर्डरपासून शेवटच्या पेमेंटपर्यंत एकेक कागद शोधून लावा. बी.कॉम.नंतर सीएकडे ऑडिटला जाण्याची संधी मिळत असेल तर पगार कमी असला तरी घ्या, तिथे हेच काम असतं.

९. टायपिंगची परीक्षा द्यावी का?

सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर द्या. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट पूर्ण करावीच लागते. खासगी ऑफिससाठी वेगळा खर्च करू नका.

१०. सॉफ्टवेअर चुकलं तर जबाबदार कोण?

सरकारच्या लेखी करदाता. नोटीस फर्मच्या नावाने येते, सॉफ्टवेअर कंपनीच्या नाही. चुकीचं क्रेडिट घेऊन ते वापरलंही असेल तर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. ऑफिसच्या आत मात्र प्रश्न वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. म्हणजे कोणी, कधी, काय बदललं ते ऑडिटरला दिसतं. अनेक छोट्या ऑफिसांत अजूनही सगळे एकाच ‘अॅडमिन’ लॉगिनने बसतात. तुमच्या नावाचं लॉगिन मागून घ्या. आणि ओळ सोडवताना शेऱ्याच्या रकान्यात ‘ओके’ लिहू नका. ‘गेट रजिस्टर पाहिलं, गाडी नाही, पुरवठादाराशी फोन, बिल नाकारलं’ असं लिहा. दोन वर्षांनी तो शेराच तुमची साक्ष देतो.

११. मालक म्हणतात, सॉफ्टवेअर आलं, आता दोघांच्या जागी एक पुरे. खरं आहे का?

कामाच्या एकूण तासांचा हिशोब केला तर बऱ्याचदा खरं असतं. पण तास कुठे पडतात ते बदलतं. एन्ट्री महिनाभर पसरलेली असे. एक्सेप्शनचं काम १४ ला टू-बी आल्यापासून २० ला ३बी भरेपर्यंतच्या सहा दिवसांत कोंबलं जातं, आणि त्यातच एक रविवार असतो. एकच माणूस ठेवला आणि तो त्या आठवड्यात आजारी पडला तर तपासणीच होत नाही, टिक तेवढ्या पडतात. पुरवठादाराने बिल सेव्ह केलं की ते आयएमएसमध्ये १४ तारखेच्या आधीच दिसू लागतं, त्यामुळे दर आठवड्याला थोडं थोडं काढलं तर ही गर्दी बरीच कमी होते. मालकाशी बोलताना नोकरीची विनवणी करू नका. गेल्या तीन महिन्यांत एक्सेप्शन यादीतून किती रक्कम वाचली, किती डबल पेमेंट थांबलं, हे एका पानावर लिहून ठेवा.

१२. माझं इंग्रजी कच्चं आहे. मागे पडेन का?

मेल लिहायला आता मदत मिळते, तेवढ्यासाठी घाबरू नका. उलट पुरवठादाराच्या ऑफिसातल्या माणसाला मराठीत किंवा हिंदीत फोन करून, न चिडता, बिल अपलोड करून घेणं हे ज्याला जमतं तो प्रश्न ३ मधली पहिली ओळ इतरांपेक्षा लवकर सोडवतो. इंग्रजी लागतं ते कायद्याची तरतूद आणि पोर्टलवरची सूचना वाचून समजण्यापुरतं. तेवढं कमवा.

१३. बिल आलं, टू-बीत दिसतंय, वहीत आहे, रक्कमही बरोबर. तरी क्रेडिट घ्यायचं नाही असं कधी होतं का?

होतं, आणि सॉफ्टवेअर बहुधा इथे पूर्ण जुळणी दाखवतं. एकाच बिलावर माल दोन-तीन खेपांत येत असेल तर क्रेडिट शेवटची खेप मिळाल्यावरच घेता येतं. समजा मोठ्या मशिनचं बिल २५ तारखेला झालं, अर्धे भाग २८ ला महाप्याच्या कारखान्यात उतरले आणि उरलेले पुढच्या महिन्याच्या ९ ला. मग त्या महिन्याच्या क्रेडिटमधून हे बिल संपूर्ण बाहेर ठेवायचं, अर्धंसुद्धा घ्यायचं नाही. दुसरा प्रकार: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, आणि पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं. तिसरा: कर्मचाऱ्यांच्या जेवणावळीसारख्या काही खर्चांवर क्रेडिट मुळातच बंद आहे, बिल कितीही शुद्ध असलं तरी.

यातल्या पहिल्या प्रकारासाठी जीआरएनवर ‘अंशतः’ की ‘पूर्ण’ असा रकाना करून घ्या आणि तो स्टोअरवाल्याने भरायचा, अकाउंट्सने नाही. दुसऱ्यासाठी देण्यांच्या एजिंगमध्ये १५० दिवसांची एक ओळ लावून ठेवा. म्हणजे मुदत संपण्याआधी महिनाभर हातात राहतो.